लाल आकड्यापासून कामाच्या यादीपर्यंत

छोट्या व्यवसायाची वेबसाइट स्वतः चालवणाऱ्यांकडून हल्ली एक स्क्रीनशॉट हमखास येतो. गूगलच्या PageSpeed Insights या मोफत साधनात वेबसाइटचा पत्ता टाकलेला असतो, वर्तुळात एक लाल आकडा असतो, त्याखाली इंग्रजीतल्या दहा-पंधरा ओळी असतात आणि सोबत एकच प्रश्न असतो, 'हे सगळं करावं लागेल का?' उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. त्यातल्या दोन-तीन ओळींमध्ये निम्म्याहून अधिक दुखणं असतं. मात्र त्या ओळी कोणत्या, हे रिपोर्ट सरळ सांगत नाही. मालकाला स्वतःच्या हाताने कोणतं काम जमेल, कशासाठी वेबसाइट बनवून देणाऱ्याला बोलवावं लागेल आणि कशात हात घातला तर चालू वेबसाइट मोडेल, हे त्याला ठाऊक नसतं. दोष शोधण्याचं काम यंत्र करतं, क्रम आपल्याला लावावा लागतो.

तो कसा लावायचा हे समजण्यासाठी एक नमुना घेऊ. समजा, दापोलीजवळ किनाऱ्यावर एक जोडपं घरगुती मुक्कामाची सोय करतं. त्यांची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे, पानं बनवायला एक 'पेज बिल्डर' वापरला आहे. मुखपृष्ठावर अंगणाचा मोठा फोटो, त्याखाली खोल्यांची माहिती, शेवटी नकाशा आणि चौकशीचं बटण. त्यांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये परफॉर्मन्सच्या वर्तुळात ४० लिहिलंय. शेजारी आणखी तीन वर्तुळं आहेत आणि ती जवळजवळ हिरवी आहेत. पण ती वेगाची नाहीत. दृष्टी अधू असलेल्यांना पान वापरता येतं का, पान बांधण्याच्या चांगल्या पद्धती पाळल्यात का आणि गूगलच्या शोधासाठी मूलभूत गोष्टी जागेवर आहेत का, यांची ती मोजमापं आहेत. वेगाची यादी करताना ती बाजूला ठेवायची.

आकड्याकडे वळण्याआधी स्क्रीनशॉटच्या कडा बघाव्यात. वरच्या बाजूला मोबाइल आणि डेस्कटॉप असे दोन टॅब असतात. त्यातला कोणता निवडलेला आहे? एकाच पानाला डेस्कटॉपवर ८५ आणि मोबाइलवर ४० मिळणं अगदी सामान्य आहे, आणि कोकणात मुक्काम शोधणारा माणूस बहुधा मोबाइलवरूनच शोधतो. म्हणून यादी मोबाइलच्या रिपोर्टवरूनच करायची. दुसरं म्हणजे कोणत्या पानाची चाचणी झाली ते बघायचं. ही चाचणी एका पानाची असते, साऱ्या वेबसाइटची नव्हे. मुखपृष्ठ जड असेल आणि खोल्यांचं पान हलकं असेल, किंवा याच्या उलटही असेल. तिसरी अडचण स्क्रीनशॉटची स्वतःची आहे. रिपोर्टमधली प्रत्येक ओळ उघडता येते आणि कोणती फाइल जड आहे, पानावरचा कोणता भाग हलतो आहे, ही खरी माहिती त्या उघडलेल्या भागात असते. चित्रात ती बंदच राहते. म्हणून मदत मागताना शक्य असेल तर रिपोर्टची लिंकच पाठवावी. स्क्रीनशॉटच पाठवायचा असेल तर लाल त्रिकोण असलेल्या ओळी उघडून मग तो घ्यावा.

'पण माझ्या फोनवर तर वेबसाइट लगेच उघडते,' असं मालक म्हणतो आणि ते खरंही असतं. त्याच्या फोनमध्ये पानाचे फोटो आणि फाइली आधीच साठवलेल्या असतात, घरी वायफाय असतं. चाचणी मात्र पहिल्यांदाच आलेल्या, मध्यम प्रतीचा फोन आणि संथ नेटवर्क असलेल्या पाहुण्याची कल्पना करते. मोबाइलच्या चाचणीत नेटवर्कचा वेग सेकंदाला १.६ मेगाबिट धरला जातो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला सुमारे २०० किलोबाइट. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण त्यावरून पुढचं बरंच गणित कागदावर करता येतं. शिवाय फोनच्या प्रोसेसरचा वेगही चौपट कमी केलेला असतो. घाटात किंवा किनाऱ्यावर नेटवर्क कसं मिळतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना ही कल्पना फार कडक वाटणार नाही.

रिपोर्टच्या अगदी वर आणखी एक चौकट असते. क्रोम ब्राउझर वापरणाऱ्या खऱ्या माणसांना गेल्या २८ दिवसांत हे पान कसं वाटलं, त्याची आकडेवारी तिथे येते. मोठ्या वेबसाइटसाठी हीच चौकट सगळ्यांत महत्त्वाची. पण ती भरण्यासाठी पुरेसे लोक यावे लागतात, म्हणून आपल्या नमुन्यासारख्या छोट्या वेबसाइटला तिथे No Data असं दिसतं. हा दोष नव्हे. चौकट भरलेली असेल तर तिच्यात लाल असलेलं मापन आधी हाती घ्यायचं. रिकामी असेल तर खालच्या चाचणीवर भिस्त ठेवायची, फक्त ती तीनदा चालवून मधला आकडा धरायचा. एकाच पानाला सकाळी ४० आणि दुपारी ४५ मिळू शकतात. त्या पाच गुणांना काही अर्थ नसतो.

आता ते ४० आले कुठून ते पाहू. शाळेच्या गुणपत्रिकेत प्रत्येक विषयाला वेगवेगळे गुण असावेत, तसा हा हिशेब आहे. शंभरातले ३० गुण Total Blocking Time या मापनाला असतात. पान दिसू लागल्यावर फोन आतल्या कामात किती वेळ अडकून पडला आणि त्यामुळे बोटाच्या स्पर्शाला दाद देऊ शकला नसता, ते हे मापन सांगतं. त्याला टीबीटी म्हणतात. २५ गुण Largest Contentful Paint ला, म्हणजे पडद्यावरची सगळ्यांत मोठी गोष्ट, बहुधा वरचा फोटो किंवा मोठं शीर्षक, दिसायला किती सेकंद लागले त्याला. हा एलसीपी. आणखी २५ गुण Cumulative Layout Shift ला, म्हणजे पान उघडताना मजकूर किती उड्या मारतो त्याला. हा सीएलएस. उरलेले वीस गुण दोन मापनांत दहा-दहा वाटलेले असतात. पडद्यावर पहिलं काही दिसायला लागलेला वेळ हे एक, आणि पडदा एकूण किती लवकर भरला हे दुसरं.

आपल्या नमुन्यात एलसीपी ११.८ सेकंद आहे. चांगला म्हणायला तो २.५ सेकंदांच्या आत हवा, चारच्या पुढे तो वाईट धरतात. सीएलएस ०.३१ आहे. तो ०.१ पर्यंत चांगला आणि ०.२५ च्या पुढे वाईट. टीबीटी ३१० मिलीसेकंद आहे, २०० पर्यंत चांगला. पहिलं काही दिसायला ३.४ सेकंद आणि पडदा भरण्याचा आकडा ७.२ सेकंद.

इथेच क्रम ठरवण्याची किल्ली आहे. ही चाचणी घेणाऱ्या लाइटहाउस या प्रणालीचं गुण मोजण्याचं कोष्टक इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं आहे. Lighthouse Scoring Calculator असा शोध घेतला की ते मिळतं. त्यात एकेक आकडा बदलून गुण किती वाढतात ते आधीच पाहता येतं. वरचे पाच आकडे टाकले की ४० येतात. आता बाकी काही न बदलता एलसीपी ११.८ वरून ३.१ केला तर सुमारे ५९ होतात. फक्त सीएलएस ०.३१ वरून ०.०४ वर आणला तर ५५. आणि फक्त टीबीटी ३१० वरून निम्म्यावर, १५५ वर आणला तर जेमतेम ४५. टीबीटीला सर्वाधिक ३० गुण असूनही असं का? कारण आपल्या पानाने त्यातले बरेच गुण आधीच मिळवलेत, तिथे मिळवायला फारसं उरलेलंच नाही. शिवाय टीबीटी कमी करायचा म्हणजे जावास्क्रिप्टच्या फाइलींमध्ये शिरायचं, आणि नवख्या माणसाला तेच सगळ्यांत अवघड. म्हणजे जे काम सगळ्यांत कठीण, त्याचा फायदा इथे सगळ्यांत कमी. हे आधी कळलं की पुष्कळ वेळ आणि पैसे वाचतात. रिपोर्टमधल्या बाकीच्या ओळी, अमुक किलोबाइट वाचतील, तमुक मिलीसेकंद वाचतील, या गुणांत थेट मोजल्याच जात नाहीत. त्या फक्त कारणांकडे बोट दाखवतात. त्यांच्यापुढच्या बचतींची बेरीजही करू नये, कारण एकाच फाइलचा दोष दोन ओळींत दिसू शकतो.

तर पहिला मुद्दा एलसीपीचा. खालच्या ओळींमध्ये LCP breakdown अशी एक ओळ असते. ती उघडली की पानावरची कोणती गोष्ट सगळ्यांत मोठी धरली आहे ते कळतं आणि ती दिसायला लागलेल्या वेळाचे चार तुकडे दिसतात: सर्व्हरने उत्तर द्यायला घेतलेला वेळ, फाइल मागवायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ, ती उतरवून घेण्याचा वेळ आणि उतरवल्यावर पडद्यावर रंगवण्याचा वेळ. या तुकड्यांची बेरीज वरच्या ११.८ शी जुळतेच असं नाही, कारण दोन्ही आकडे वेगळ्या रीतीने मिळवलेले असतात. कोणता तुकडा बाकीच्यांपेक्षा मोठा आहे तेवढंच इथे बघायचं. इलाज त्यावर ठरतो. पहिला तुकडा मोठा असेल तर दुखणं होस्टिंगमध्ये आहे आणि फोटो कितीही आकसला तरी फरक पडणार नाही. Document request latency या ओळीत सर्व्हरला दोन-दोन सेकंद लागल्याचं दिसलं तर यादीतलं पहिलं काम होस्टिंग कंपनीशी बोलणं किंवा पान साठवून ठेवणारं कॅशिंग सुरू करणं हेच असतं, कारण पुढचं सगळं त्यानंतरच सुरू होतं. आपल्या नमुन्यात सर्व्हर ठीक आहे. मोठे आहेत ते दुसरा आणि तिसरा तुकडा, आणि फाइलचं नाव आहे अंगणाच्या फोटोचं.

तो फोटो १.९ मेगाबाइटचा आहे. सेकंदाला २०० किलोबाइट या हिशेबाने तो उतरायला साडेनऊ सेकंद लागणार, म्हणजे ११.८ मधला मोठा वाटा त्याचाच. फोनवर काढलेला फोटो तसाच चढवला होता. वर्डप्रेसने २०१९ पासून लागू असलेल्या नियमानुसार त्याची मोठी बाजू २५६० पिक्सेलवर आणली, पण एवढ्या रुंद फोटोची मोबाइलच्या पडद्यावर गरजच नसते. खरं तर वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहान आवृत्त्याही करून ठेवतं आणि फोनला योग्य ती आवृत्ती देतं. मग इथे असं का झालं? कारण पेज बिल्डरमध्ये हा फोटो साधं चित्र म्हणून न टाकता विभागाची पार्श्वभूमी म्हणून टाकला आहे. पार्श्वभूमीचा फोटो स्टाइलच्या फाइलमध्ये दडलेला असतो, म्हणून ती फाइल उतरून वाचून होईपर्यंत असा काही फोटो लागणार आहे हे ब्राउझरला कळतच नाही. दुसरा तुकडा मोठा झाला तो यामुळे. रिपोर्टमध्ये LCP request discovery या ओळीपुढे लाल खूण येते ती हेच सांगते.

इलाज मालकाला स्वतः करता येतो. मूळ फोटो Squoosh सारख्या मोफत साधनात उघडायचा, रुंदी १२०० पिक्सेल करायची, प्रकार वेबपी निवडायचा आणि दर्जा ७५ ते ८० च्या आसपास ठेवून डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करायची. झाडाच्या पानांमध्ये किंवा आकाशात डाग दिसू लागले तर दर्जा थोडा वाढवायचा. साधारण दीडशे किलोबाइटच्या आत आला की पुरे. वर्डप्रेस २०२१ पासून वेबपी फाइल स्वीकारतं. मग पार्श्वभूमी काढून तिथे साधा चित्राचा ब्लॉक टाकायचा. पानाच्या कोडमध्ये तो साधारण असा दिसायला हवा:

```html
<img src="angan-1200.webp" width="1200" height="800"
     alt="घरापुढचं अंगण" fetchpriority="high">
```

शेवटचा शब्द ब्राउझरला सांगतो की हा फोटो आधी मागव. २०२३ सालच्या ६.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस तो बहुधा आपणहून जोडतं. इथे एक हमखास होणारी चूक आहे. फोटो उशिरा उतरवण्याची, म्हणजे लेझी लोडिंगची, सोय देणारं प्लगइन असेल तर ते कधीकधी वरच्या फोटोलाही `loading="lazy"` लावून टाकतं. खालच्या फोटोंसाठी ही सोय उत्तम, पण पहिल्या फोटोसाठी घातक. प्लगइनच्या सेटिंगमध्ये पहिला फोटो वगळण्याचा पर्याय असतो, तो वापरावा. आणि फोटो लहान करताना दरपत्रक चित्ररूपात असेल तर त्याला वेगळं वागवावं. जास्त दाबलं तर त्यावरची अक्षरं पुसट होतात. दर मजकूर म्हणूनच लिहिले तर सगळ्यांत बरं.

दुसरा मुद्दा उड्या मारणाऱ्या मजकुराचा. माणसाला याचा त्रास सगळ्यांत जास्त जाणवतो. पाहुणा चौकशीच्या बटणावर बोट टेकवायला जातो आणि नेमकं तेव्हाच पान खाली सरकतं. सीएलएसचं गणित समजायला सोपं आहे: पडद्याचा किती भाग हलला आणि पडद्याच्या उंचीच्या मानाने तो किती अंतर हलला, यांचा गुणाकार. चाचणीत फोनच्या पडद्याची उंची साधारण ८२३ पिक्सेल धरलेली असते. आपल्या पानावर दोन गोष्टी घडतात. बोधचिन्हाच्या चित्राला उंची-रुंदी दिलेलीच नाही, त्यामुळे ते उतरलं की सगळं पान दीडशे पिक्सेल खाली जातं, म्हणजे सुमारे ०.१८. मग एका प्लगइनची 'दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग सुरू' ही पट्टी वरून येते आणि पान आणखी एकशे दहा पिक्सेल ढकलते, म्हणजे ०.१३. बेरीज झाली ०.३१. Layout shift culprits ही ओळ उघडली की हे दोन्ही अपराधी नावानिशी सापडतात.

बोधचिन्हाला वरच्या कोडसारखी width आणि height दिली की ब्राउझर त्याची जागा आधीच राखून ठेवतो. पट्टीसाठी प्लगइनच्या सेटिंगमध्ये ती पडद्याच्या तळाशी तरंगती ठेवण्याचा पर्याय निवडायचा. तरंगती पट्टी मजकुरावर येते, त्याला ढकलत नाही. ही दोन कामं मिळून अर्ध्या तासाची आहेत, कशाचीही मोडतोड न करणारी आहेत आणि कोष्टकाप्रमाणे पंधरा गुणांची आहेत. म्हणूनच माझ्या मते यादीत ती फोटोच्या कामाइतकीच वर असावीत, रिपोर्टमध्ये त्यांच्यापुढे 'इतकी बचत' असा मोठा आकडा नसला तरी. दोन्ही दुरुस्त्यांनंतर कोष्टक ७४ दाखवतं.

तिसरी ओळ Render blocking requests ची. तिच्यापुढे एका सेकंदाच्या आसपास बचत लिहिलेली आहे. पान रंगवायला सुरुवात करण्याआधी ब्राउझरला ज्या फाइलींची वाट बघावी लागते त्या या. ही ओळ बघून नवखा माणूस 'सीएसएस दुरुस्त करणारा माणूस' शोधू लागतो. त्याआधी फाइलींचे पत्ते वाचावेत. वर्डप्रेसमध्ये पत्त्यात `/wp-content/plugins/` असं असतं आणि त्यापुढचा शब्द हे प्लगइनचं नाव असतं. ही यादी वाचताना बहुधा असं एखादं नाव सापडतं जे वर्षभरात कुणी वापरलेलं नाही: जुनं फोटो दालन, बदलून टाकलेला फॉर्म, एकदा हौसेने लावलेला स्लायडर. संपूर्ण वेबसाइटचा बॅकअप घ्यायचा, मग एक प्लगइन बंद करायचं, सगळी पानं उघडून बघायची, आणि मगच पुढचं. याउलट 'वेग वाढवणारी' दोन प्लगइनं एकाच वेळी लावणं हा सगळ्यांत जास्त दिसणारा घात आहे. दोघंही त्याच फाइलींची जोडतोड करू लागतात. मेनू उघडत नाही किंवा चौकशीचं बटण दाबलं जात नाही आणि तरी रिपोर्ट गुण मात्र चांगले देतो, कारण चाचणी बटण दाबून बघत नाही.

याच ओळीत फॉन्टची फाइलही सापडते, आणि मराठी वेबसाइटसाठी ती वेगळी पाहण्यासारखी आहे. देवनागरीत जोडाक्षरांमुळे रोमन लिपीपेक्षा कितीतरी जास्त आकृत्या लागतात, म्हणून फॉन्टच्या फाइलीही जड होतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला 'मुक्त' हा फॉन्ट पुष्कळ मराठी वेबसाइटवर दिसतो. त्यात अगदी बारीकपासून जाड ठशापर्यंत सात वजनं आहेत आणि प्रत्येक वजनाची फाइल वेगळी. पेज बिल्डर कधीकधी सगळीच मागवतो. मजकुरासाठी एक आणि शीर्षकासाठी एक, अशी दोन वजनं ठेवून बाकीची काढून टाकावीत. फॉन्ट उतरेपर्यंत फोनमधल्या देवनागरी अक्षरांत मजकूर दिसू द्यायचा पर्यायही चालू करावा. त्याला `font-display: swap` म्हणतात. मात्र मग अक्षर बदलताना ओळींची उंची थोडी बदलून पान हलू शकतं. म्हणून हा बदल केल्यावर सीएलएस पुन्हा पाहायला हवा.

उरलेल्या ओळींबद्दल थोडक्यात. नकाशा मुखपृष्ठावरून काढून तिथे त्याचं छोटं चित्र आणि नकाशाची लिंक ठेवावी. पाहुण्याला नाहीतरी नकाशा त्याच्या अॅपमध्येच उघडायचा असतो, आणि बाहेरून येणारं बरंचसं जावास्क्रिप्ट त्यामुळे वाचतं. Use efficient cache lifetimes या ओळीपुढे मोठा आकडा दिसतो, पण तो परत येणाऱ्या पाहुण्याचा फायदा असतो. मुक्काम शोधणारा बहुतेक वेळा पहिल्यांदाच आलेला असतो, म्हणून हे काम खाली. दुसऱ्या कंपन्यांच्या फाइली त्या ओळीत असतील तर त्यांत आपल्याला काही करताच येत नाही. Reduce unused JavaScript हे पेज बिल्डर वापरण्याचं मोल आहे. ते खरोखर कमी करायचं तर जाणकार हवा, आणि या पानाला त्याची आज गरज नाही.

आता यादी कागदावर लिहिता येते. प्रत्येक ओळीत चार गोष्टी असाव्यात: काय बदलायचं, कुठे, त्याने कोणतं मापन सुधारायला हवं आणि बिघडलं तर मागे कसं जायचं. आपल्या जोडप्याची यादी अशी होईल. आज: अंगणाचा फोटो लहान करून साध्या चित्राच्या रूपात टाकणे, एलसीपी चार सेकंदांच्या आत यायला हवा, जुना फोटो माध्यमसंग्रहात राहू द्यायचा. आजच: बोधचिन्हाला मापं देणे आणि पट्टी तळाशी नेणे, सीएलएस ०.१ च्या आत यायला हवा. या आठवड्यात, बॅकअपनंतर: न वापरलेली प्लगइनं एकेक करून बंद करणे, फॉन्टची दोनच वजनं ठेवणे, पहिलं काही दिसायला लागणारा वेळ ३.४ वरून खाली यायला हवा. सवडीने: नकाशाच्या जागी चित्र. जाणकाराला विचारून किंवा कधीच नाही: जावास्क्रिप्ट.

एका वेळी एकच बदल करावा आणि मग चाचणी घ्यावी. आकडा तसूभरही हलला नाही तर काम वाया गेलं असं समजण्याआधी वेबसाइटचं कॅशिंग रिकामं केलंय का ते बघावं. कित्येकदा चाचणीला जुनंच पान मिळालेलं असतं. खऱ्या माणसांची ती वरची चौकट तुमच्या वेबसाइटला लागू असेल तर तिच्याकडून लगेच काही अपेक्षा ठेवू नये. ती २८ दिवसांची गोळाबेरीज असल्याने पूर्ण परिणाम दिसायला चार आठवडे जातात.

पहिली तीन कामं नीट झाली तर अशा पानाला मोबाइलवर ऐंशीच्या आसपास गुण मिळतात आणि मुख्य फोटो बारा सेकंदांऐवजी तीन सेकंदांत दिसतो. घरगुती मुक्कामाच्या वेबसाइटसाठी तिथे थांबायला हरकत नाही. शेवटचे वीस गुण मिळवायला बहुधा पेज बिल्डरच सोडावा लागतो आणि तो खर्च पाहुण्यांच्या संख्येतून भरून निघेलच असं नाही. आणि 'शंभर गुण मिळवून देतो' म्हणत कुणी पैसे मागितले, तर आधी त्याला एवढंच विचारा: कोणत्या पानाचं कोणतं मापन किती सेकंदांवरून किती सेकंदांवर आणणार? उत्तर सेकंदांत मिळालं तरच पुढचं बोला.